मित्राच्या वाढदिवसाला तीन ओळी: त्याच्या सध्याच्या आयुष्यातला एकच भाव कसा पकडायचा

वाढदिवसाच्या आदल्या रात्री अकराला बसून लिहिलेली तीन ओळींची कविता बहुतेक वेळा फसते. शब्द सुचत नाहीत म्हणून फसते असं नाही. त्या वेळी हाताशी मित्राबद्दल फक्त मतं असतात. तो दिलदार आहे, कष्टाळू आहे, जिवाला जीव देणारा आहे. मतांची कविता होत नाही, शुभेच्छापत्र होतं. कवितेला लागतं ते पाहिलेलं काहीतरी, आणि पाहायला दिवस लागतात. म्हणून काम दहा-बारा दिवस आधी सुरू करा. त्यातला प्रत्यक्ष लिहिण्याचा वेळ दोन-तीन तासांच्या वर जात नाही, बाकी सगळं लक्ष ठेवणं आहे.

आधी साच्याबद्दल थोडं. तीन ओळींचे दोन साचे मराठी वाचकाच्या ओळखीचे आहेत. एक हायकू. तो जपानी, पाच-सात-पाच अशा सतरा ध्वनींचा, आणि शिरीष पै यांनी तो मराठीत रुजवला. दुसरी त्रिवेणी, गुलजारांनी घडवलेली. तिच्यात पहिल्या दोन ओळींचा अर्थ पूर्ण होतो आणि तिसरी येऊन तो अर्थ फिरवते. वाढदिवसाच्या कवितेला हायकूची वाट जास्त मानवते. त्रिवेणीतली तिसरी ओळ हुशारी मागते, आणि मित्राच्या आयुष्यावर हुशारी केली की त्याला आपल्यावर शेरा मारल्यासारखं वाटू शकतं. हायकूत फक्त दाखवायचं असतं. सतरा ध्वनींचा हिशेब मात्र मराठीत पाळायलाच हवा असं नाही, मराठी हायकूंनी तो काटेकोरपणे धरलेला नाही. आपल्याला हवी आहे ती तीन ओळींची शिस्त, एक दृश्य, आणि मधे एक थांबा.

हायकूतली आणखी एक गोष्ट वाढदिवसाला आयती मिळते. जपानी परंपरेत हायकूमध्ये ऋतू सांगणारा एक शब्द असावा लागतो. वाढदिवसाची तारीख ठरलेली असते, म्हणजे ऋतूही ठरलेला असतो. जुलैतल्या वाढदिवसाला कोल्हापुरात पंचगंगा चढत असते, आणि माणसं सकाळी उठून राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं ते बघतात, ३९ ला इशारा, ४३ ला धोका. डिसेंबरातल्या वाढदिवसाला शिवारात गुऱ्हाळाचा धूर आणि काकवीचा वास असतो. मेमधल्या वाढदिवसाला दुपारभर तापून संध्याकाळी वळीव अंगावर येतो की हुलकावणी देतो याची वाट असते. ऋतू दर वर्षी तोच असतो, त्यात उभा असलेला माणूस मात्र गेल्या वर्षीचा नसतो. कवितेचा विषय तो फरक आहे.

पहिलं काम: दहा-बारा नोंदी

पुढे सगळं एकाच उदाहरणावर करून पाहू. समजा, मित्र कोल्हापूरचा, पस्तिशीचा आहे. शिरोली एमआयडीसीत नोकरी, पाचगावला घराचं बांधकाम चालू, वाढदिवस मेच्या दुसऱ्या आठवड्यात.

आठ दिवस त्याच्याबद्दल नोंदी ठेवा, वहीत किंवा मोबाइलवर. नियम एकच: जे डोळ्यांनी दिसलं किंवा कानांनी ऐकलं तेवढंच लिहायचं, आणि ते गेल्या महिना-दीड महिन्यातलं असायला हवं. कॉलेजच्या आठवणी नकोत, रंकाळ्यावरच्या जुन्या भटकंत्या नकोत. त्या गोड असतात, पण त्या तुमच्या दोघांच्या भूतकाळाच्या आहेत, त्याच्या आजच्या नव्हेत. अशा नोंदी साधारण या प्रकारच्या होतील:

शिफ्ट सुटली की घरी न जाता तावडे हॉटेलच्या चौकातून सरळ साइटवर. हेल्मेट सिमेंटच्या पोत्यावर ठेवतो. कुठलंही बोलणं सळीच्या भावावर येऊन थांबतं. गवंड्याला मामा म्हणतो. सलग तीन रविवार कट्ट्यावर आला नाही. बँकेकडून कर्जाचा पुढचा टप्पा अजून यायचा आहे. फोन लावला की मागे पाण्याचा आवाज. मोबाइलच्या पडद्यावर मुलीच्या फोटोच्या जागी स्लॅबचा फोटो. बायको म्हणते, "पाणी मारून झालं तरी तासभर तिथंच असतात."

नऊ नोंदी झाल्या. यात "तो खूप मेहनत घेतोय" असं एकही वाक्य नाही. ते वाक्य खरं असलं तरी त्याला नोंदीत जागा नाही, कारण ते कुणाहीबद्दल लिहिता येतं. एखादी नोंद आत ठेवावी की नाही असा प्रश्न पडला, तर ती आपल्या दुसऱ्या एखाद्या मित्राला लागू पडते का ते बघा. पडत असेल तर काढून टाका.

नोंदी घ्यायला त्याला खोदून विचारू नका. "सध्या कसं वाटतंय तुला?" असं विचारलं की कोल्हापुरात उत्तर ठरलेलं आहे: "निवांत हाय भावा." त्यापेक्षा एका संध्याकाळी अर्धा तास साइटवर जाऊन या. बायकोचं, भावाचं, गवंड्याचं एखादं सहज वाक्य त्याच्या दहा वाक्यांहून जास्त सांगून जातं. वरच्या नोंदींमधली सगळ्यात मोलाची नोंद बायकोकडूनच आली आहे, पुढे ती लागणार आहे.

दुसरं काम: परिस्थिती आणि भाव वेगळे करणे

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबू. "तो घर बांधतोय" ही परिस्थिती झाली. "तो काळजीत आहे" हे परिस्थितीला लावलेलं लेबल झालं. घर बांधणारा प्रत्येक जण काळजीत असतो, हप्त्याच्या, वाळूच्या, पावसाच्या. ते लिहून त्याला नवं काहीच मिळत नाही. भाव म्हणजे त्या परिस्थितीतली एक विशिष्ट घडी, जिथे त्याचं वागणं थोडं वेगळं होतं आणि त्याचं कारण तो स्वतःही चटकन सांगू शकणार नाही.

ती घडी शोधायला एक रिकामं वाक्य भरून बघा: "सध्या तो, अमुक वेळी, अमुक ठिकाणी, तमुक करतो, आणि खरं तर तसं करायची गरज नसते." शेवटचा तुकडा महत्त्वाचा आहे. गरज म्हणून केलेल्या गोष्टीतून परिस्थिती दिसते, आणि गरज नसताना केलेल्या गोष्टीतून मन. साइटवर जाणं गरजेचं आहे. सळीचा भाव विचारणं गरजेचं आहे. पाणी मारणंही गरजेचं आहे. पण पाणी मारून झाल्यावर तासभर तिथंच थांबणं? त्याची काहीच गरज नाही.

म्हणजे भाव असा सापडला: दिवसभराची धावपळ संपल्यावर, कुणी नसताना, अजून न झालेल्या घरात त्याचा पाय निघत नाही. यात काळजी आहे, अभिमान आहे, दमणूक आहे, पण एकाच शब्दात मावणारं काही नाही. एका शब्दात मावलं असतं तर कवितेची गरज नव्हती.

याच पायरीवर आणखी एक तपासणी करा, ती टाळू नका. हा भाव त्याने कुणासमोर तरी उघड केला आहे का, निदान चारचौघांत दिसू दिला आहे का? साइटवर उभं राहणं सगळ्यांना दिसतं, तिथे अडचण नाही. पण बँकेचा टप्पा अडकला आहे हे त्याने फक्त तुम्हाला सांगितलं असेल तर ते कवितेत येता कामा नये, आडूनही नाही. स्पर्धा परीक्षेचा तिसरा प्रयत्न देणारी मैत्रीण अभ्यासिकेतून बाहेर पडताना कुणाची नजर टाळते हे तुमच्या लक्षात आलं असेल, पण ती त्यावर कधी बोलली नसेल, तर तो तिचा भाव तिच्याकडेच राहू द्या आणि दुसरा शोधा. वाढदिवसाच्या दिवशी झाकलेली जखम उघडी पडली तर कविता कितीही चांगली असली तरी तिचा त्रासच होतो.

तिसरं काम: वस्तू निवडणे आणि तिची नीट माहिती घेणे

भाव सांगायचा नाही, तो एखाद्या वस्तूवर ठेवायचा. आपल्या उदाहरणात वस्तू समोरच आहे: स्लॅबवरचं पाणी. पण "स्लॅबवरचं पाणी" एवढंच पुरत नाही, ती वस्तू जवळून बघावी लागते.

स्लॅब ओतल्यावर दुसऱ्या दिवशी त्यावर मालाचे छोटे बांध घालून चौकोन करतात आणि त्यांत पाणी भरून ठेवतात. याला आळी करणं म्हणतात, कुणी वाफेही म्हणतात. काँक्रीट घट्ट व्हायला ओल टिकावी लागते. साध्या सिमेंटला निदान सात दिवस, कोरड्या उन्हात दहा, आणि गवंडी त्याहून जास्तच सांगतात. मेच्या उन्हात पाणी भराभर उडतं, म्हणून संध्याकाळी पुन्हा भरायचं. पाइप चालू असताना पाण्यावर लहरी असतात, काही दिसत नाही. पाइप बंद झाला आणि मिनिट-दोन मिनिटं गेली की पाणी निवतं, आणि मग त्या चौकोनांत आभाळ दिसायला लागतं.

ही माहिती कविता लिहायला दोन ठिकाणी कामाला येणार आहे. पहिलं ठिकाण म्हणजे तारीख. स्लॅब एप्रिलच्या सुरुवातीला पडला असेल तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात आळ्यांत पाणी नसणार, तोवर सेंट्रिंग उतरवायचं बोलणं चालू झालेलं असेल. मग तीच कविता वाढदिवसाला शिळी ठरते. अशा वेळी वस्तू बदला. विटांच्या भिंतीलाही पाणी मारतात, पण तिच्यात आभाळ दिसत नाही, ओल्या विटेचा वास येतो. म्हणजे दृश्य नव्याने शोधायला हवं. वाढदिवसाच्या दोन दिवस आधी वस्तू अजून तिथे आहे ना हे पाहून घ्या. दुसरं ठिकाण म्हणजे ओळींचा क्रम, त्याकडे आता येऊ.

चौथं काम: ओळी लिहिणे आणि खोडणे

पहिला खर्डा बहुधा असा येतो:

घर तुझे हे होवो छान
सुखशांतीची असो खाण
मित्रा, तू आमची शान

हा फाडायचा. यमकाने ओळी ओढत नेल्या आहेत. "छान" लिहिल्याबरोबर "शान" येणारच होतं, आणि "खाण" हे घराबद्दल कुणी बोलत नाही. चौकातल्या वाढदिवसाच्या डिजिटल फलकावर ही भाषा शोभते, कारण फलक येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी असतो. तीन ओळी एका माणसासाठी आहेत.

दुसरा खर्डा:

डोक्यावर कर्ज, मनात काळजी
रोज संध्याकाळी स्लॅबला पाणी
तरी तू खचत नाहीस, भावा

मधली ओळ पहिल्यांदाच खरी आली, बाकी दोन तिच्या अंगावर बसल्या आहेत. पहिली ओळ भावाचं नाव घेते आणि वर त्याच्या कर्जाचा उल्लेखही करते. तिसरी शाबासकी देते. शाबासकी देणारा वरच्या पायरीवर उभा असतो, आणि मित्राला ते जाणवतं. तिसऱ्या ओळीत कौतुक, सल्ला किंवा आशीर्वाद आला की ती ओळ तुमची होते. ती त्याची राहायला हवी.

तिसरा खर्डा:

स्लॅबच्या आळ्यांत आभाळ
पाइप गुंडाळून झाला
तू अजून उभा

आता कुठे काम झालं असं वाटतं. कर्ज नाही, काळजी नाही, "भावा" नाही. पण वर सांगितलेली माहिती आठवा. पहिल्या ओळीत आभाळ आधीच दिसतंय आणि दुसऱ्या ओळीत पाइप गुंडाळला जातोय. पाइप चालू असताना पाणी हलत असतं, आभाळ त्यात टिकत नाही. वाचणाऱ्याला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण रोज तिथे उभा राहणारा माणूस ते दृश्य शंभर वेळा पाहिलेला आहे, त्याला ते खटकेल. क्रम बदलला की असं होतं:

पाइप गुंडाळून झाला
स्लॅबच्या आळ्यांत आभाळ
तू अजून उभा

आता तिन्ही ओळी घडल्या त्याच क्रमाने आल्या. काम संपलं, पाणी निवलं, आभाळ उतरलं, आणि तो तिथेच. क्रम बदलल्याने आणखी एक फायदा झाला: "उभा" आभाळाच्या लगेच नंतर आला. तो कशाकडे बघत उभा आहे ते कुठेही लिहिलेलं नाही, तरी कळतं. अजून छप्पर पुरतं झालेलं नाही आणि त्या छपरावर आभाळ मावलंय, हेही लिहिलेलं नाही. ते त्याचं त्याला सापडू द्या.

ओळीत थांबा कुठे येतो तेही बघा. पहिल्या ओळीनंतर थोडा, दुसरीनंतर मोठा. मोठ्या थांब्याच्या जागी टिंबटिंब, उद्गारचिन्ह, लांब रेघ काही टाकायची गरज नाही. ओळ मोडली आहे, तेवढं पुरतं.

एकेका शब्दाची निवड

"आळ्यांत" की "वाफ्यांत"? वाफा म्हटलं की भाजी डोळ्यांसमोर येते, स्लॅब मागे पडतो. "आळ्यांत" मध्ये दुसरा धोका आहे, कुणाला गल्लीबोळ आठवतील. पण आधी "स्लॅबच्या" आलं आहे, आणि मुख्य म्हणजे मित्राच्या तोंडी सध्या दिवसातून चार वेळा तो शब्द असतो. दोन शब्दांत निवड करायची वेळ आली की जो शब्द तो माणूस सध्या वापरतो तो घ्या. त्याच्या आजच्या दिवसांची खूण भाषेतही उमटते.

"पाय निघेना" हा वाक्प्रचार तिसऱ्या ओळीला मोह घालतो. "तुझा पाय निघेना" असं लिहिलं तर चुकीचं काही नाही, पण त्यात अर्थ उलगडून सांगितला जातो. "उभा" फक्त दाखवतो. म्हणून "उभा" घेतला. मात्र कविता वयाने मोठ्या मित्रासाठी असेल, ज्याला आपण तुम्ही म्हणतो, तर "तुम्ही अजून उभे" ही ओळ ताठर होते, पाहुण्याला बसायला सांगितल्यासारखी. तिथे सर्वनामच काढा आणि "अजून पाय निघेना" घ्या.

"उभाच" लिहावं का? त्या "च" मुळे आश्चर्य येतं, थोडी तक्रारही येते, जशी घरी वाट बघणाऱ्या बायकोच्या बोलण्यात असते. तुमच्या बोलण्यात ती तक्रार नको असेल तर "च" काढा.

बोलीचा प्रश्न कोल्हापुरात हमखास येतो. तुम्ही दोघं दिवसभर "काय करालाईस" असंच बोलत असाल तर कविता प्रमाण मराठीत का, असं वाटणं साहजिक आहे. बोलीत लिहायला हरकत मुळीच नाही, पण तीन ओळींत एखादाच शब्द जोरकस बोलीतला आला तर सगळं लक्ष तोच खेचून घेतो आणि वाचणारा दृश्य सोडून उच्चाराकडे बघतो. एक तर तिन्ही ओळी बोलीत असाव्यात, मोठ्याने वाचून तुमच्याच तोंडच्या वाटाव्यात, नाहीतर साधी बोलभाषा ठेवावी. वरच्या कवितेत एकही पुस्तकी शब्द नाही, एवढं पुरेसं आहे.

कानाने मोजणे

कागदावरची अक्षरं मोजली तर पहिली ओळ नऊ, दुसरी नऊ, तिसरी सहा भरते. जोडाक्षर एकच धरायचं, अनुस्वार वेगळा मोजायचा नाही, म्हणून "गुंडाळून" ची चार अक्षरं आणि "आळ्यांत" ची तीन. पण मराठीत शब्दाच्या शेवटचा "अ" आपण बोलत नाही. "आभाळ" लिहिताना तीन अक्षरं, बोलताना "आ-भाळ" असे दोनच ठोके. म्हणून खरा हिशेब तोंडाने करा. टेबलावर बोट टेकवत वाचा: पा-इप गुं-डा-ळून झा-ला, सात. स्लॅब-च्या आ-ळ्यांत आ-भाळ, सहा. तू अ-जून उ-भा, पाच. सात, सहा, पाच. ओळी हळूहळू आखूड होत जातात आणि शेवटी माणूस थांबतो.

हे ठरवून आणायचं नसतं, पण आलं आहे का ते तपासायचं असतं. तिसरी ओळ बाकी दोघींहून लांब झाली तर बहुतेक वेळा तिच्यात स्पष्टीकरण शिरलेलं असतं. मोजणी ही चूक शोधायची युक्ती आहे, नियम म्हणून तिच्याकडे बघू नका. सतरा भरावेत म्हणून "स्लॅबच्या त्या आळ्यांत" असा भरणीचा "त्या" घातला तर ओळ लगेच सैल पडते.

यमकाचंही तसंच आहे. "झाला" आणि "उभा" यांचा शेवट "आ" वर होतो, एवढा नाद पुरतो. कधी यमक आपोआप जुळतं, ते मोडू नका. रात्रपाळी करणाऱ्या आणि लहान मूल असलेल्या एखाद्या मित्रासाठी हे बघा:

तिसरी पाळी संपली
चहाच्या कपाला दोन्ही हात
शाळेची रिक्षा निघून गेली

"संपली" आणि "गेली" बोलता बोलता आले आहेत. पाळीच्या वेळेमुळे मुलगी कित्येक दिवस भेटत नाही ही त्याची खंत, पण मुलीचा उल्लेखच नाही, फक्त रिक्षा आहे. इथे "तू" सुद्धा नाही, दोन्ही हातांनी धरलेल्या कपाने माणूस दाखवला. "तू" दर वेळी लागतोच असं नाही. घराच्या कवितेत तो लागला, कारण तिथे उभं राहणाऱ्याकडे कुणीतरी पाहत होतं हे त्याला कळायला हवं होतं.

वाढदिवस कुठे घालायचा

कवितेत घालू नका. "वाढदिवस" पाच अक्षरांचा शब्द आहे, तीन ओळींच्या कवितेत तो एका ओळीचा निम्मा भाग खातो, आणि आला की मागून शुभेच्छा, औक्षण, केक हे सगळे येतात. वाढदिवस कवितेच्या बाहेर असू द्या: खाली उजवीकडे तारीख आणि ठिकाण. "१० मे, पाचगाव" एवढंच. या दोन शब्दांनी ती वाढदिवसाची होते, आणि पुढे घर पूर्ण झाल्यावर, कधीतरी कपाटात कागद सापडला, तर त्या खालच्या ओळीवरून त्याला ते दिवस आठवतील.

शीर्षक देऊ नका. "नवं घर" किंवा "स्वप्न" असं शीर्षक दिलं की कविता वाचायच्या आधीच अर्थ ठरून जातो.

पाठवणे

लिहून झाल्यावर दोन दिवस ठेवा, मग एकदा मोठ्याने वाचा आणि एका माणसाला दाखवा. तो माणूस मित्राला ओळखणारा नको. त्याला दृश्य दिसलं का एवढंच विचारा, आवडली का विचारू नका. तो म्हणाला, "कुणीतरी संध्याकाळी स्लॅबवर उभा आहे," तर झालं. तो म्हणाला, "मित्राचं कौतुक केलंय," तर कुठेतरी शेरा शिल्लक आहे, तो शोधा.

शक्य असेल तर हाताने लिहून द्या. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, काळी किंवा निळी शाई, तीन ओळी कागदाच्या वरच्या अर्ध्या भागात, खाली मोकळी जागा. नक्षी, फुगे, चमकी नको. मोबाइलवरून पाठवणार असाल तर आधी स्वतःलाच पाठवून बघा, कारण लांब ओळ छोट्या पडद्यावर मोडते आणि तीनच्या चार ओळी होतात. तसं झालं तर ओळ आखूड करा, अक्षर बारीक करून चित्र बनवू नका. मागोमाग केकची चिन्हं, फोटो, "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा भावा" हे सगळं त्याच संदेशात नको. शुभेच्छा हव्यातच, पण त्या सकाळी फोनवर द्या.

गटात टाकू नका. गटात दीडशे शुभेच्छांच्या मधे ती हरवेल हा भाग वेगळा, पण खरी अडचण अशी की गटात वाचताना त्याला सगळ्यांसमोर काहीतरी उत्तर द्यावं लागतं. एकट्याला पाठवली तर उत्तर न देण्याची मोकळीक त्याच्याकडे राहते. वेळही बघा. सकाळी शिरोलीच्या गर्दीत गाडी चालवताना नको, रात्री बारालाही नको. आपल्या उदाहरणात वेळ कवितेनेच सांगितली आहे: संध्याकाळी साडेसहा-सात, पाणी मारून झाल्यावर.

त्याचं उत्तर लगेच येईल असं धरू नका. आलं तर ते बहुधा कवितेबद्दल नसतं. "कधी आलतास रे साइटवर?" असं काहीतरी येतं. तेव्हा आपण काय लिहिलंय, का लिहिलंय हे सांगत बसू नका. कधी आला होतात तेवढं सांगा, आणि उद्या पुन्हा येतो म्हणा.